प्रकाशकाला पाठवायचा प्रस्ताव: वाचक, गरज आणि वेगळेपण नेमकं कसं लिहायचं

मराठवाड्यातल्या लेखकांनी पाठवलेले माहितीपर पुस्तकांचे प्रस्ताव मी प्रकाशकांसाठी बरीच वर्षं वाचत आले आहे. नाकारल्या गेलेल्या कितीतरी प्रस्तावांमागचं पुस्तक चांगलं होतं, पण प्रस्तावातून ते दिसतच नव्हतं. पानभर विषयाचं महत्त्व सांगितलेलं असतं आणि पुस्तकाबद्दल दोन ओळी. प्रकाशकाला मात्र तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हे पुस्तक कोण विकत घेईल, का घेईल, आणि बाजारात दुसरी पुस्तकं असताना हेच का घेईल. या तिन्हींची उत्तरं पहिल्या पानावर सापडली तर तो दुसरं पान उलटतो.

हा लेख माहितीपर पुस्तकांपुरता आहे. कविता-कादंबरीचा निर्णय हस्तलिखित वाचूनच होतो, तिथं ही पद्धत फारशी उपयोगाची नाही.

एक प्रस्ताव उदाहरण म्हणून रचून घेऊ आणि तो पायरीपायरीने दुरुस्त करू. लेखक औसा तालुक्यातला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, शेतातल्या बोअरमध्ये मोटार सोडायला आणि जळाली की काढायला जातो. वीस वर्षं त्याने एक सवय पाळली आहे. प्रत्येक बोअरची नोंद वहीत करायची: गाव, एकूण खोली, पाणी किती फुटांवर लागलं, मोटार किती पाइपांवर सोडली, पुढच्या उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरलं, बोअर आटला तर कोणत्या वर्षी. या नोंदींच्या आधारे त्याने पुस्तक लिहिलं आहे. त्याचा पहिला प्रस्ताव असा:

> मा. प्रकाशक महोदय, सप्रेम नमस्कार. पाणी हेच जीवन आहे. मराठवाडा ही संतांची भूमी असली तरी दुष्काळ तिच्या पाचवीला पुजलेला आहे. भूजल पातळी दिवसेंदिवस खालावत असून पाण्याचे नियोजन ही काळाची गरज आहे. प्रस्तुत पुस्तकात मी भूजलाच्या सर्व पैलूंचा सखोल ऊहापोह केला आहे. हे पुस्तक शेतकरी, विद्यार्थी, शिक्षक, अभ्यासक, अधिकारी तसेच सर्वसामान्य वाचक अशा सर्वांना उपयुक्त ठरेल. मराठीत अशा प्रकारचे पुस्तक आजवर झालेले नाही. तरी आपण ते प्रकाशित करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.

पहिली पायरी: दुसऱ्याच्या प्रस्तावात चालेल ते खोडा

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा. पाण्यावर लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणी हेच वाक्य आपल्या प्रस्तावात घातलं तर खोटं ठरेल का? ठरत नसेल तर खोडा. वरच्या प्रस्तावात असं करत गेलं की नमस्कार तेवढा शिल्लक राहतो. वहीचा उल्लेखच नाही, दुकानाचा नाही, बोअर हा शब्दसुद्धा नाही. लेखकाकडे जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, नेमकं तेच त्याने बाहेर ठेवलं आहे. हे फार वेळा होतं. आपलं रोजचं काम लेखकाला पुस्तकाच्या मानाने साधं वाटतं, म्हणून तो प्राध्यापकी भाषेचा अंगरखा चढवतो. 'ऊहापोह', 'सखोल', 'सर्व पैलू' हे शब्द आले की आत माल काय आहे ते लेखकाने अजून ठरवलेलं नाही, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

खोडून झाल्यावर रिकाम्या कागदावर पुस्तकात खरोखर काय आहे ते बोलीत लिहून काढा, शेजाऱ्याला सांगितल्यासारखं. आपला लेखक लिहील: 'बोअर घ्यायच्या आधी काय बघावं, गाडी सुरू असताना काय बघावं, आणि पाणी लागलं तर ते टिकवावं कसं, हे माझ्या वहीवरून सांगितलंय.' पुस्तकाचा गाभा एवढाच आहे. नावही इथूनच मिळतं: 'बोअर घेण्याआधी'.

दुसरी पायरी: वाचक

'सर्वांना उपयुक्त' हे वाक्य प्रकाशकाला घाबरवतं, कारण सर्वांना विकायला कुठं जायचं ते त्याला ठाऊक नसतं. मराठीत माहितीपर पुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा ५०० ते १००० प्रतींची असते. म्हणजे महाराष्ट्रात शेतकरी किती आहेत हा त्याच्यापुढचा प्रश्नच नसतो. या हजार प्रती कोणाच्या हातात जाणार आणि कोणत्या दुकानातून, हे त्याला हवं असतं.

म्हणून एक माणूस डोळ्यांसमोर आणा, आणि त्याला पुस्तकाची गरज पडते तो क्षणही. नुसतं 'शेतकरी' म्हणणं अपुरं आहे. ज्याच्याकडे विहीर आहे, कालव्याचं पाणी आहे, त्याला हे पुस्तक नको आहे. पाहिजे आहे ते ज्याचा एक बोअर आटलाय आणि येत्या उन्हाळ्यात दुसरा घ्यायचाय त्याला.

इथं आणखी एक फरक करावा लागतो, आणि नवे लेखक तो हमखास विसरतात. वाचणारा आणि विकत घेणारा एकच असेल असं नाही. लातूर-धाराशिवच्या गावात बोअरचा निर्णय वडील घेतात, पण पैसे अनेकदा पुण्यात नोकरी करणारा मुलगा पाठवतो. तो फोनवर विचारतो, 'दादा, किती फूट गेलंय? अजून किती जायचंय?' वडिलांना त्याचं उत्तर देता येत नाही आणि मुलाला तिथं उभं राहता येत नाही. ऑनलाइन पुस्तक मागवून गावाकडे पाठवणारा हाच मुलगा असू शकतो. ही गोष्ट प्रस्तावात आली की पुस्तक कुठं विकायचं याचे दोन वेगळे रस्ते प्रकाशकाला दिसतात. बदललेला परिच्छेद असा होतो:

> या पुस्तकाचा वाचक म्हणजे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतला कोरडवाहू शेतकरी, ज्याचा एक बोअर आटला आहे आणि जो पुढच्या उन्हाळ्यात दुसरा घेणार आहे. पैसे पाठवणारा, शहरात राहणारा त्याचा मुलगा किंवा भाऊ हा दुसरा वाचक, आणि बहुधा खरेदीदारही. पहिल्याकडे पुस्तक पंप-पाइपच्या दुकानांतून, कृषी सेवा केंद्रांतून आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शेतकरी मेळाव्यांतून पोहोचेल. दुसऱ्याकडे ऑनलाइन विक्रीतून. माझ्या व्यवसायामुळे परिसरातले पंपविक्रेते ओळखीचे आहेत. त्यांच्यापैकी कोण दुकानात पुस्तक ठेवायला तयार आहे, त्याची यादी सोबत जोडली आहे.

शेवटचं वाक्य लिहायचं असेल तर आधी खरंच दुकानांत जाऊन विचारून या. यादी चार नावांची असली तरी चालेल. प्रकाशक त्यातल्या एकाला फोन करू शकतो, आणि 'मला काही माहीत नाही' असं उत्तर मिळालं तर बाकीच्या प्रस्तावावरचा विश्वासही जातो.

'लातूर आणि धाराशिव' असं का, सगळा मराठवाडा का नाही, असं लेखकाला वाटणं स्वाभाविक आहे. पण वही त्या भागातली आहे. शिवाय जमीन सगळीकडे एक नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो आणि तिथं पाणी धरण्याची तऱ्हा वेगळी. 'संपूर्ण मराठवाड्यासाठी' असं लिहिलं तर जाणकार वाचक पहिल्याच वाक्यावर बोट ठेवेल. 'मग बाहेर खपणार नाही का?' या शंकेला एका वाक्यात उत्तर देता येतं: महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टचाच आहे, त्यामुळे नोंदी दोन जिल्ह्यांच्या असल्या तरी थर ओळखण्याची रीत पुष्कळ दूरपर्यंत लागू पडते. आधी खात्रीचा छोटा भाग सांगायचा आणि मग तो कुठवर पसरतो ते. हा क्रम उलटा केला की अतिशयोक्ती वाटते.

तिसरी पायरी: गरज

बहुतेक प्रस्तावांत गरज या नावाखाली परिस्थितीचं वर्णन येतं. पाऊस कमी, पातळी खाली, शेतकरी हवालदिल. सगळं खरं आहे, आणि प्रकाशकाला ते वर्तमानपत्रातून माहीत आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे त्याला सांगायची गरज नाही. दुष्काळ आहे म्हणून लोक पुस्तक विकत घेत नाहीत. एखाद्या निर्णयापाशी अडकतात तेव्हा घेतात.

गरज शोधायची सोपी वाट अशी: वाचक आज, तुमचं पुस्तक नसताना, ती अडचण कशी सोडवतो ते लिहा, आणि प्रत्येक उपाय कुठं तोकडा पडतो तेही लिहा. बोअरच्या बाबतीत चार जण सल्ला देतात. पाणाड्या नारळ किंवा काडी घेऊन फिरतो आणि जागा दाखवतो. शेजारी आपल्या बोअरवरून सांगतो. गाडीचा एजंट सांगतो. आणि सरकारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माहिती असते. हे चारही नीट मांडले की गरज आपोआप उघडी पडते:

> बोअरगाडीचं बिल फुटावर होतं. कुठं थांबावं हे सांगण्यात गाडीवाल्याचा फायदा नसतो. पाणाड्या जागा दाखवतो, पण खाली कोणता थर आहे हे त्याला दिसत नसतं. शेजाऱ्याचा अनुभव त्याच्या एका बोअरचा असतो, आणि दोनशे फुटांवरच्या शेतात खडक वेगळा असू शकतो. भूजल यंत्रणेची माहिती परिसराचं चित्र देते, एका बांधावरचा निर्णय तिच्यावरून होत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता, गाडी सुरू असताना आणि कोरडी भुकटी उडत असताना, 'अजून शंभर फूट जायचं की थांबायचं' हे शेतकरी अंदाजाने ठरवतो. या पुस्तकात त्या निर्णयाआधी, त्या वेळी आणि त्यानंतर काय बघायचं ते सांगितलं आहे.

या परिच्छेदात कुणाची निंदा नाही, हे मुद्दाम पाहा. पाणाड्याला भोंदू म्हटलं असतं तर वाचक दुखावला असता. हे पुस्तक घेणारा शेतकरी पाणाड्यालाही बोलावणारच आहे. प्रस्तावाचा सूर हाच पुस्तकाचा सूर असणार असं प्रकाशक धरून चालतो.

गरज नीट उतरली की नाही हे ओळखायची एक खूण आहे. परिच्छेदात वाचकाचा एखादा प्रश्न त्याच्याच शब्दांत आला आहे का ते बघा. 'अजून शंभर फूट जायचं की थांबायचं' हा तसा प्रश्न आहे. 'भूजलाचे शास्त्रशुद्ध नियोजन' असं बांधावर उभं राहून कुणी विचारत नाही.

चौथी पायरी: वेगळेपण

'मराठीत असं पुस्तक नाही' हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतं. वाचणारा ते दोन अर्थांनी घेतो. एक तर लेखकाने शोधलंच नाही, किंवा असं पुस्तक कुणाला नकोच आहे म्हणून ते निघालं नाही. दोन्ही अर्थ तुमच्या विरोधात जातात.

त्यापेक्षा शोधायला बसा. जिल्हा ग्रंथालयात, कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि ऑनलाइन दुकानांत आपल्या विषयाच्या आसपासची चार-पाच पुस्तकं काढा, प्रत्यक्ष चाळा. नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत एका तक्त्यात लिहा. किंमत आणि पानांचा आकडा प्रकाशक आवर्जून बघतो. त्या तक्त्यावरून या प्रकारचं पुस्तक साधारण कितीला खपतं ते त्याला कळतं. प्रत्येक पुस्तकापुढे ते काय चांगलं करतं ते एका वाक्यात प्रामाणिकपणे लिहा. दुसऱ्याचं पुस्तक कमी दाखवून आपलं मोठं होत नाही, आणि ते पुस्तक कदाचित ह्याच प्रकाशकाचं असेल.

आपल्या लेखकाला पाण्यावरची पुस्तकं ढोबळमानाने तीन गटांत पडलेली दिसतील. गावपातळीवरचं पाणलोटाचं काम सांगणारी, भूशास्त्राची पाठ्यपुस्तकं, आणि यशकथा. तिन्हींत एकट्या शेतकऱ्याचा एक निर्णय मध्यभागी नाही. तिथं त्याची जागा आहे. पण जागा रिकामी असणं पुरेसं नाही, ती भरायचा अधिकार लेखकाकडे कसा आला तेही सांगावं लागतं. इथं वही टेबलावर येते:

> पाणलोटावरची पुस्तकं गावाने काय करावं ते उत्तम सांगतात. भूशास्त्राची पाठ्यपुस्तकं खडक समजावतात. हे पुस्तक एका शेतकऱ्याच्या एका बोअरबद्दल आहे. त्याचा आधार म्हणजे मोटारी सोडताना आणि काढताना मी वीस वर्षं ठेवलेल्या नोंदी. गाडीवाला पाणी लागलं की निघून जातो; मी त्याच बोअरवर पुन्हा पुन्हा जातो, म्हणून लागलेलं पाणी पुढं किती वर्षं टिकलं ते माझ्या वहीत आहे. भुकटीचा रंग आणि पोत पाहून मुरूम, सच्छिद्र खडक, लाल थर आणि कठीण पाषाण कसे ओळखावेत, याची रंगीत छायाचित्रं पुस्तकात आहेत. मी भूशास्त्रज्ञ नाही. खडकावरची दोन प्रकरणं भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तपासून दिली आहेत.

या सगळ्यात जड वाक्य आहे 'मी त्याच बोअरवर पुन्हा पुन्हा जातो'. पाणी लागल्याची बातमी सगळे सांगतात, पण ते टिकलं का हे माहीत असणारी माणसं थोडी. प्रत्येक लेखकाकडे असं एखादं वाक्य असतं. ते शोधायला स्वतःला विचारा: माझ्या कामामुळे मला असं काय दिसतं, जे याच विषयातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या जागेवरून दिसत नाही?

'मी भूशास्त्रज्ञ नाही' हे आधीच सांगून टाकणंही शहाणपणाचं. ती शंका येणारच असते. ती तुम्हीच काढली आणि तपासणी कुणी केली ते सांगितलं, तर मुद्दा तिथंच मिटतो. प्राध्यापकांचं नाव त्यांना विचारूनच घालायचं. नोंदींतली शेतकऱ्यांची नावं मात्र काढून टाका, गाव आणि खोली पुरे. एखाद्याचा बोअर आटल्याची माहिती त्याच्या नावाने छापून येणं त्याच्या कर्जाच्या किंवा सोयरिकीच्या आड येऊ शकतं.

पाचवी पायरी: जुळणी

आता तीन परिच्छेद हाताशी आहेत. क्रम बदलून बघा. मी गरज आधी ठेवते, मग वाचक, मग वेगळेपण, कारण गाडी बांधावर उभी असल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की वाचक कोण ते निम्मं कळलेलंच असतं. तिन्ही मिळून एक पान. त्याच्या वर पुस्तकाचं नाव आणि एका वाक्यात पुस्तक काय आहे ते: 'बोअर कुठं घ्यावा, कुठं थांबावं आणि लागलेलं पाणी कसं टिकवावं, याची बेसॉल्टच्या भागातल्या शेतकऱ्यासाठी हातपुस्तिका.'

दुसऱ्या पानावर प्रकरणांची यादी. प्रकरणाचं नाव आणि त्यात कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते दोन ओळींत. कायद्यावर एक प्रकरण असायला हवं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींसाठी वेगळी तरतूद आहे, आणि 'विहीर' या शब्दात बोअरही येतो. त्याचा उल्लेख न करता बोअर घ्यायचं मार्गदर्शन छापणं प्रकाशकाला अडचणीचं. यादीत ते प्रकरण दिसलं की लेखकाने जबाबदारी ओळखली आहे हे कळतं.

यादीखाली शब्दसंख्या, छायाचित्रं किती आणि रंगीत किती, हस्तलिखित पूर्ण आहे का, नसेल तर कधी होईल. छपाईचा हिशेब फर्म्यांवर चालतो. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा धरतात, म्हणजे १६० पानांचे दहा फर्मे. रंगीत पानं सगळ्या पुस्तकात विखुरली तर खर्च वाढतो, तीच एका फर्म्यात एकत्र घेता आली तर आवाक्यात राहतो. 'रंगीत छायाचित्रं सलग सोळा पानांत बसवता येतील' हे एक वाक्य प्रकाशकाला खूप दिलासा देतं.

सोबत एक नमुना प्रकरण जोडा, आणि ते प्रस्तावना किंवा मनोगत नको. प्रस्तावात ज्या क्षणाचं वचन दिलंय तोच क्षण असलेलं प्रकरण पाठवा. इथं ते 'गाडी सुरू असताना' हे प्रकरण असेल. गरजेच्या परिच्छेदात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नमुन्यात सापडलं नाही, तर सुंदर प्रस्तावही वाया जातो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पाठवा आणि जोडीला पीडीएफ द्या. जुन्या फाँटमधला मजकूर समोरच्याच्या संगणकावर अनेकदा वाचताच येत नाही.

पाठवण्याआधी प्रकाशकाची यादी चाळून त्याने शेतीची किंवा मार्गदर्शनपर पुस्तकं काढली आहेत का ते बघा. काढली असतील तर पत्रात एका ओळीत त्यांचा उल्लेख करा, आणि तुमचं पुस्तक त्यांच्या शेजारी कसं बसेल ते लिहा.

उत्तर आलं की ते नीट वाचा. 'वाचक मर्यादित वाटतो' असं आलं तर दुसरी पायरी पुन्हा करायची, दुकानांची यादी वाढवायची. 'या विषयावर आमचं पुस्तक आहे' असं आलं तर ते पुस्तक मिळवून चौथी पायरी पुन्हा लिहायची. 'खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा' असं आलं, तर होकार देण्याआधी लेखी विचारा: प्रती किती, त्यातल्या तुमच्या किती, उरलेल्या कुठं आणि कोण विकणार, मानधन कशावर आणि किती टक्के. विक्रीच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर तो प्रकाशक तुम्हाला छापून देणार आहे, विकणार नाही. मग तोच प्रस्ताव दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवा.